टिंब दिसलं का?

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो ‘परदेशातून घरात आलेल्या वस्तू’ हा. चॉकलेटं, सेंट आणि इलेक्ट्रिक केटल्या यांच्यावर लिहिणारे पुष्कळ सापडतील. मला मात्र वेगळ्याच वस्तू दिसत होत्या. मुलं-सुना परदेशी असलेल्या घरांत औषधांच्या डब्याशेजारी हल्ली बीपीचं मशीन आणि शुगरचं मशीन हमखास असतं, आणि त्यातलं निदान एक तरी तिकडून आलेलं असतं. ती यंत्रं घरात कोण वाचतं, कसं वाचतं, हे बघायला मी निघाले. डोंबिवलीतली दोन-तीन घरं, ठाण्यातलं एक, आणि मशीनची दुकानं बघायला मुंबईची प्रिन्सेस स्ट्रीट.

डोंबिवलीच्या काकूंकडचं मशीन चीनमधलं होतं. मुलगा शेनझेनला नोकरीला होता, परत येताना त्याने आणलं. पांढरं, गुळगुळीत, पडदा मोठा, आकडे दुरूनही दिसावेत असे. पट्टा दंडाला बांधून बटण दाबलं की एक बाई चिनी भाषेत बोलायला लागते. काकांना त्या आवाजाची गंमत वाटे, काकूंना नाही. त्यांची तक्रार आवाजाबद्दल नव्हतीच.

“अगं, दवाखान्यात यांचं बीपी एकशे वीस भरतं आणि घरी एकशे साठ. खालचं तर एकशे सात! घरात आल्यावर माणसाचं बीपी वाढतं का?”

काका म्हणाले, वाढत असेल. काकूंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

मी मशीन लावायला सांगितलं. हवा भरली, सोडली, बाई बोलली आणि आकडे स्थिर झाले. वर 16.0, त्याखाली 10.7, सगळ्यात खाली 72. टिंब होतं, पण काळ्या आकड्याच्या पायाशी चिकटलेलं, चष्म्याशिवाय न दिसणारं. उजव्या कडेला बारीक अक्षरांत kPa.

अक्षरं तशी फसवत नाहीत

परक्या भाषेतलं मशीन म्हटलं की आपल्याला आधी लिपीची भीती वाटते. प्रत्यक्षात बीपीच्या मशीनवर लिपीचा त्रास सगळ्यात कमी. जवळपास प्रत्येक मशीन तीन आकडे एकाखाली एक दाखवतं. वरचं बीपी वर, खालचं बीपी मधे, नाडीचे ठोके तळाला. जगभर ही रचना इतकी रुळली आहे की शेजारची अक्षरं झाकली तरी वाचता येतं.

काकूंच्या मशीनवर पहिल्या ओळीपाशी 高压 आणि दुसरीपाशी 低压 असं होतं. काही चिनी मशीनवर हीच दोन नावं दवाखान्यातल्या भाषेत असतात, 收缩压 आणि 舒张压. ठाण्याच्या घरात जपानी मशीन होतं, त्यावर 最高血圧 आणि 最低血圧. नीट पाहिलं तर चिनी आणि जपानी दोन्हीकडे 高 आणि 低 ही जोडी तीच आहे. दुमजली घरासारखं दिसणारं अक्षर वरच्या आकड्याचं, एवढं ओळखलं की पुरे. नाडीसाठी चीनमध्ये 脉搏 किंवा 心率 आणि जपानमध्ये 脈拍 लिहितात. पण तिथे बहुतेक वेळा हृदयाचं चित्रही असतं, त्यामुळे घोटाळा होत नाही.

बटणंही मोजकी असतात. मोठं बटण सुरू-बंद करण्याचं, त्यावर 开始 किंवा 開始 असतं. साठवलेले आकडे दाखवणाऱ्या बटणावर चिनीत 记忆 आणि जपानीत メモリ, नाहीतर दोन्हीकडे नुसतं M. तिसरं बटण घड्याळ आणि इतर गोष्टी लावायचं, चिनीत 设置. बाई बोलायला नको असेल तर तीही इथूनच गप्प होते.

अक्षरांचं हे एवढंच. मशीनला चिनी येतं आणि आपल्याला येत नाही, हे निदान आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण जपून वाचतो. आकडे मात्र आपल्या ओळखीचे असतात, आणि गडबड तिथेच होते.

एकशे साठ नव्हे, सोळा

बीपी आपण पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतो. जुन्या मशीनमध्ये काचेच्या नळीत पारा चढायचा, तो किती चढला ते मिलिमीटरमध्ये वाचायचे. पारा गेला, माप राहिलं. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात मात्र दाबाचं एकक पास्कल आहे आणि हजार पास्कलचा एक किलोपास्कल. चीनमध्ये मापनपद्धती एकसारखी करण्याच्या धोरणात बीपीसुद्धा किलोपास्कलमध्ये लिहावं असा आग्रह धरला गेला. डॉक्टरांना आणि रुग्णांना ते पचलं नाही. अखेर १९९८ मध्ये तिथल्या आरोग्य आणि मापन खात्यांनी दवाखान्यात पाऱ्याचे मिलिमीटर वापरायला पुन्हा मोकळीक दिली. तरी चिनी बाजारासाठी बनणाऱ्या कितीतरी मशीनमध्ये दोन्ही एककं ठेवलेली असतात आणि बटणाने ती बदलता येतात. मुलाने मशीन विकत घेतलं तेव्हा ते kPa वर होतं, की तारीख लावताना कुणाच्या हातून तसं झालं, हे घरात कुणाला सांगता आलं नाही.

एक किलोपास्कल म्हणजे पाऱ्याचे साधारण साडेसात मिलिमीटर. म्हणजे 16.0 ला साडेसातने गुणलं की १२०, आणि 10.7 ला गुणलं की ८०. काकांचं बीपी घरीही तेच होतं, जे दवाखान्यात होतं.

योगायोग असा की टिंब निसटलं तरी जो आकडा उरतो तो अगदी शक्यतेतला असतो. १६०/१०७ हे बीपी माणसाला खरोखर असू शकतं. 16.0 चं १६०० झालं असतं तर काकूंनी त्याच दिवशी मशीन मुलाच्या गळ्यात बांधलं असतं. इथे ते बसतं, पटतं आणि घाबरवतं. 9.3 हे खालचं बीपी ९३ वाटतं, खरं ते ७० असतं.

तोंडी हिशेबाची एक सोपी रीत आहे. साडेसात म्हणजे दहाचे पाऊण. म्हणून टिंब गाळून जो आकडा दिसतो त्यातून पाव भाग वजा करायचा. १६० मधून ४० गेले, राहिले १२०. १०७ मधून सुमारे २७ गेले, राहिले ८०. काकूंनी हे वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं आणि गेल्या महिन्याच्या आकड्यांवर तिथेच करून पाहिलं.

पण रोज हिशेब करण्यापेक्षा मशीन मिलिमीटरवर आणणं बरं. काकूंच्या मशीनमध्ये ते असं झालं. मशीन बंद असताना 设置 चं बटण दाबून धरलं, तेव्हा वर्षाचा आकडा लुकलुकायला लागला. तेच बटण पुन्हा दाबत गेलं की महिना, तारीख, तास, मिनिटं असे एकामागून एक टप्पे येतात. मिनिटांनंतर पडद्यावरचा kPa लुकलुकला. तिथे M दाबलं आणि त्याजागी mmHg आलं. पुढचा टप्पा आवाजाचा, तिथे काकूंनी बाईला गप्प केलं. सगळ्या मशीनमध्ये टप्प्यांचा क्रम असाच नसतो आणि दाबायचं बटणही बदलतं. पण लुकलुकणाऱ्या जागांमधून जाताना कुठेतरी एकक येतं, हे बहुतेकांना लागू आहे. घोटाळाही तिथेच होतो. तारीख लावायला बसलेला माणूस एक टप्पा जास्त पुढे जातो, काय बदललं ते त्याला कळत नाही, आणि बॅटरी बदलल्याच्या दुसऱ्या दिवसापासून घरातल्या माणसाचं बीपी ‘वाढतं’.

मशीन कुठल्या एककावर आहे हे आकडे स्थिर होण्याआधीही कळतं. पट्ट्यात हवा भरताना पडद्यावर दाब चढत जातो. मिलिमीटरवर असेल तर तो शंभरच्या पुढे, दीडशे-एकशे ऐंशीपर्यंत जाताना दिसतो. kPa वर असेल तर विसाच्या, फार तर चोविसाच्या आसपास थांबतो आणि त्याच्या पोटात टिंब असतं. शिवाय नाडीच्या आकड्याला टिंब कधीच नसतं. वरच्या दोन्ही ओळींत आहे आणि तिसरीत नाही, असं दिसलं की समजावं.

शुगरचं मशीन उलटं फसवतं

बीपीच्या टिंबाने निष्कारण घाबरवलं. शुगरच्या टिंबाचं काम उलटं आहे, ते निष्कारण धीर देतं.

डोंबिवलीतच दुसऱ्या घरात सुनेने लंडनहून शुगरचं मशीन पाठवलं होतं. सासूबाईंनी बोटाला सुई टोचून घेतली, पट्टीच्या टोकाला थेंब लावला, मशीनने पाच उलटे आकडे मोजले आणि दाखवलं 12.0. जेवणानंतर दोन तास झाले होते. “एकशे वीस,” आजी समाधानाने म्हणाल्या, आणि पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

आपल्याकडे शुगर मिलिग्रॅममध्ये मोजतात. एक डेसिलिटर, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम साखर आहे, ते. पडद्यावर mg/dL असतं. अमेरिका आणि जपानही असंच मोजतात. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि चीन मात्र वजन न पाहता साखरेच्या रेणूंची संख्या मोजतात, एका लिटरला मिलिमोलमध्ये, म्हणून तिथे mmol/L. जर्मनीत दोन्ही चालतात, काही भागांत हे, काही भागांत ते. ग्लुकोजच्या एका मोलचं वजन सुमारे १८० ग्रॅम भरतं. त्यावरून एकातून दुसऱ्यात जायला १८ ने गुणायचं.

बारा गुणिले अठरा, २१६. आजींची शुगर एकशे वीस नव्हती, दोनशे सोळा होती.

इथली तोंडी रीत वेगळी. टिंब गाळा, दुप्पट करा, त्यातून दहावा भाग काढा. १२० चे २४०, त्यातून २४ गेले, २१६. उपाशीपोटी 7.0 म्हणजे १२६, तिथून मधुमेहाची रेषा सुरू होते. 7.8 म्हणजे १४०. 11.1 म्हणजे २००. खालच्या बाजूला 3.9 म्हणजे ७०, याच्या खाली शुगर उतरली असं धरतात. आणि 5.6 ला कुणी छप्पन्न वाचलं तर तो माणूस घाबरून साखरपाणी पिईल, जेव्हा त्याची शुगर १०० च्या आसपास, अगदी ठाकठीक असते.

वाईट इतकंच नाही. चुकीचा वाटावा असा आकडा यात फार क्वचित येतो. 9.4 दिसतं, चौऱ्याण्णव वाचलं जातं, प्रत्यक्षात १६९ असते. 15.3 दिसतं, एकशे त्रेपन्न, थोडी जास्त आहे, भात कमी करू, असं म्हणून विषय संपतो. प्रत्यक्षात ती २७५ असते. रोज असं वाचणारं घर सहा महिने शांत राहू शकतं.

बीपीच्या मशीनसारखं इथे बटण दाबून एकक बदलू का, असं आजींच्या नातवाने विचारलं. त्याने सगळी बटणं दाबूनही पाहिली होती. बदललं नाही, आणि तेच बरोबर आहे. पूर्वी शुगरच्या कितीतरी मशीनमध्ये ही सोय होती. घड्याळ लावताना नकळत एकक बदलल्याच्या, काही वेळा मशीन हातातून पडल्यावर बदलल्याच्या घटना घडल्या. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल जाहीर इशारा दिला. त्यानंतरच्या मशीनमध्ये एकक सहसा कारखान्यातच कायम केलेलं असतं. ज्या देशात विकायचं त्या देशाचं एकक घालूनच ते बाहेर पडतं. म्हणजे लंडनचं मशीन कायम लंडनचंच राहतं.

पट्ट्या इथल्या घेतल्या तर इथलं माप येईल, असाही एक समज आहे. एकक मशीन ठरवतं, पट्टी नाही. त्याच कंपनीच्या पट्ट्या इथे मिळाल्या आणि मशीनने त्या स्वीकारल्या तरी उत्तर mmol/L मध्येच येणार. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या दुकानदाराने मला त्याचा अनुभव सांगितला. “ताई, परदेशी मशीनच्या पट्ट्या मागायला लोक येतात. मी विचारतो, मशीन आणलंय का? पट्टी बसते की नाही ते नंतर, आधी पॉइंट बघतो. पॉइंट दिसला की सांगतो, नवीन घ्या. त्यांना वाटतं, विकायला बघतोय.” विकायलाही बघत असेल, दुकान आहे. पण सल्ला योग्य आहे. पट्ट्या महिनोन्महिने लागतात, मशीन एकदाच लागतं. रोज ज्या भाषेत डॉक्टरांशी बोलायचं, त्याच मापातलं मशीन बरं.

तोवर जुनं मशीन चालवायचं असेल तर ओळखायची खूण एकच. mmol/L च्या मशीनवर टिंब नेहमी असतं, 6.0 लाही असतं. mg/dL च्या मशीनवर टिंब कधीच नसतं. HI आणि LO ही अक्षरं मात्र दोन्हीकडे तीच असतात, म्हणून ती दिसली तर एककाचा विचार करत बसू नये. HI म्हणजे मशीनच्या मोजण्यापलीकडे, बहुतेक मशीनमध्ये ६०० च्या वर, mmol/L मध्ये 33.3 च्या वर. LO म्हणजे मशीन मोजू शकत नाही इतकी कमी. हात धुऊन पुन्हा मोजावं आणि तरी तेच आलं तर लगेच दवाखाना.

मशीनची आठवण आणि जपानचं घड्याळ

ठाण्याच्या घरातलं जपानी मशीन मिलिमीटरच दाखवत होतं. तिथे एककाचा प्रश्न नव्हता. तक्रार वेगळी होती. डॉक्टरांनी सकाळच्या बीपीची सरासरी मागितली होती. मशीनमध्ये ती आपोआप निघते असं मुलीने सांगितलं होतं, आणि मशीन त्या जागी नुसत्या आडव्या रेघा दाखवत होतं.

घड्याळ पाहिलं तेव्हा उलगडा झाला. ते अजून योकोहामात होतं. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. आजोबा सकाळी उठून, गोळी घेण्याआधी, सात वाजता बीपी मोजत. मशीनच्या लेखी ते साडेदहा. आता, सकाळची सरासरी काढणारी काही मशीन पहाटे चार ते दहाच्या आसपासचीच मापं ‘सकाळची’ धरतात. आजोबांचं एकही माप त्या चौकटीत बसत नव्हतं. रात्री पावणेदहाचं माप मशीनमध्ये सव्वा वाजता, तेही दुसऱ्या दिवसाच्या तारखेवर पडत होतं. यादीत तारखा पाहिल्या तर एखाद्या दिवशी तीन मापं आणि एखाद्या दिवशी एकच, असं दिसे, आणि घरचे आजोबांना विसराळू ठरवून मोकळे झाले होते.

जपानी पडद्यावर वेळेआधी 午前 किंवा 午後 असतं. पहिलं दुपारच्या आधीचं, दुसरं नंतरचं. तारखेत महिना आधी, दिवस मागून. 3月5日 हे पाच मार्च आहे, तीन मे नव्हे. घड्याळ लावताना ही अदलाबदल झाली तर आठवड्याच्या सरासऱ्या पुन्हा कोलमडतात. आम्ही घड्याळ इथल्या वेळेवर आणलं. जुनी मापं मात्र जुन्याच वेळेवर राहिली, मशीन ती मागे जाऊन सुधारत नाही. म्हणून त्या दिवशी वहीत एक आडवी रेघ मारून ‘इथून घड्याळ बरोबर’ असं लिहून ठेवलं.

आठवणीच्या बटणाची दुसरी एक चाल आहे. पुष्कळ मशीनमध्ये M दाबल्यावर पहिल्यांदा शेवटचं माप येत नाही, सरासरी येते. कोपऱ्यात बारीक AVG, A किंवा जपानी-चिनी 平均 असतं. बऱ्याच मशीनमध्ये ही शेवटच्या तीन मापांची सरासरी असते. काही मशीनमध्ये ती तीन मापं दहा मिनिटांच्या आत घेतलेली असावी लागतात. आत्ताच मोजलं, पडदा बंद झाला, आकडा विसरला म्हणून M दाबलं आणि दिसलं ते वहीत उतरवलं, तर आजचं म्हणून सरासरी लिहिली जाते. पुन्हा एकदा M दाबलं की क्रमांक 1 येतो, तो खरा शेवटचा. क्रम जसा वाढेल तशी मापं जुनी होत जातात.

ठाण्याच्या मशीनवर दोन माणसांचे दोन कप्पे होते, 1 आणि 2. आजी-आजोबा एकाच कप्प्यात मोजत होते. तिथली सरासरी दोघांपैकी कुणाचीच नव्हती. आता आजींसाठी 2 वर लाल टिकली चिकटवली आहे.

सगळ्या जुन्या नोंदी पुसून टाकू का, असं घरच्यांनी विचारलं. बहुतेक मशीनमध्ये M दाबून धरलं की पुसता येतात. चुकून पुसल्या जातात त्याही अशाच. पण एकदा गेल्या की परत येत नाहीत, त्यामुळे हवी ती मापं आधी कागदावर उतरवावीत. बॅटरी काढल्याने नोंदी सहसा जात नाहीत, घड्याळ मात्र शून्यावर येतं. बॅटरी बदलल्यावर पहिलं काम घड्याळाचं, आणि ते लावताना पुढच्या टप्प्यावर एककाला धक्का लागला नाही ना, हे पाहण्याचं. जपानी मशीनचा विजेचा अडॅप्टर मात्र इथल्या प्लगला लावायच्या आधी त्यावरचा व्होल्टचा आकडा वाचावा. नुसतं १०० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आपल्या २३० ला तो जळतो. सेलवर चालवणं सोपं.

वहीपर्यंतचा शेवटचा टप्पा

मशीनवरचा आकडा शेवटी वहीतून डॉक्टरांपर्यंत जातो, आणि तिथे पुन्हा एकदा भाषा बदलते. काकू देवनागरी आकड्यांत लिहितात. त्यांचा मुलगा वहीच्या पानाचा फोटो बंगळुरूच्या ओळखीच्या डॉक्टरांना पाठवतो. हाताने घाईत लिहिलेला देवनागरी चार इंग्रजी आठसारखा दिसतो, पाच तर हुबेहूब इंग्रजी चारसारखा. ‘१४२’ मध्ये डॉक्टरांना एकशे ब्याऐंशी दिसू शकतं. काकूंना सवय मोडायला सांगण्यात अर्थ नाही. मी एवढंच सुचवलं की पडद्यावर दिसतो तसाच आकडा, तशाच आकाराचा काढायचा, टिंब असेल तर टिंबासकट. आणि पानाच्या डोक्यावर एकदाच एकक लिहायचं.

काकूंनी पानाच्या डोक्यावर mmHg लिहिलं. रकान्यांना नावं दिली, वरचं, खालचं, ठोके. चौथा रकाना त्यांनी स्वतःहून आखला, गोळी घेण्याआधी की नंतर. मागच्या महिन्याची पानं त्यांनी फाडली नाहीत. बीपीच्या प्रत्येक आकड्यातून पाव भाग वजा करून लाल शाईने शेजारी खरा आकडा लिहिला आणि पुढच्या तपासणीला तीच वही नेली.